वाळलेला फेव्हिकॉल कसा उतरवावा

दिवाळीच्या सुट्टीआधी बहुतेक शाळांत आकाशकंदील करण्याचा तास असतो. बांबूच्या काड्या, क्रेप पेपर, चमकी, सोनेरी पट्ट्या आणि मधोमध पांढऱ्या गोंदाची बाटली. कंदील घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर शर्टाच्या बाहीवर, अभ्यासाच्या टेबलावर आणि दप्तराच्या तळाशी तोच गोंद वाळून आलेला असतो. मग घरात जे पहिले उपाय होतात ते बहुतेक नुकसान करणारे असतात. कोणी नखानं खरवडतं, कोणी ‘इस्त्रीनं निघेल’ म्हणून गरम इस्त्री फिरवतं, कोणी रंगाच्या दुकानातून थिनर आणतं. टेबलावर सुरी चालते आणि डागाऐवजी ओरखडा राहतो.

या गोंदाची एक गोष्ट नीट कळली की तिन्ही ठिकाणचं काम सोपं होतं. वाळलेला पांढरा गोंद पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही, तो पाणी पिऊन फुगतो. फुगला की मऊ होतो, त्याची पकड सुटते आणि मग तो उचलून काढता येतो. म्हणजे काम दोन टप्प्यांचं आहे, आधी पाण्याला आत शिरायला वेळ द्यायचा आणि नंतर हातानं उचलायचं. पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारली की कापड फाटतं किंवा पॉलिश जातं. सुती कपडा, लाकूड आणि दप्तर यांत फरक एवढाच, की कोणाला किती पाणी आणि किती वेळ सोसतो. कपड्याला भरपूर सोसतो, लाकडाला फार थोडा आणि दप्तराला त्याच्या अस्तराप्रमाणे.

हा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिशय बारीक कण, पाण्यात तरंगत ठेवलेले. हे कण प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून बाटलीतला गोंद दुधासारखा पांढरा दिसतो. कागदावर लावला की पाणी उडून जातं, कण एकमेकांना चिकटून एकसंध होतात आणि पारदर्शक पापुद्रा उरतो. कण पाण्यात सुटे राहावेत म्हणून कारखान्यात त्यांच्याभोवती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं एक आवरण असतं, आणि हे आवरण पाण्याला ओढून घेतं. वाळलेल्या पापुद्र्यावर ओलं फडकं ठेवलं तर पाणी त्याच वाटेनं आत जातं, कणांच्या मधल्या जागा पुन्हा फुगतात आणि पारदर्शक डाग पुन्हा पांढरा होतो. हा रंगबदल नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. डाग पांढरा झाला म्हणजे पाणी पोचलं, डाग अजून काचेसारखा आहे म्हणजे थांबायचं. संपूर्ण कामात यापेक्षा भरवशाची खूण दुसरी नाही.

पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा शोध जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे या रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये लावला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला तो 1959 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पिडिलाइटच्या फेव्हिकॉलमुळे. त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो सरस भिजत घालून, भांड्यात तापवून लावावा लागे. सरस गरम पाण्यानं सहज सुटतो. त्यामुळे ‘गोंद आहे ना, मग उकळतं पाणी ओता’ हा जुन्या माणसांचा सल्ला सरसाला बरोबर होता. पांढऱ्या गोंदाचं वागणं वेगळं आहे. तो उष्णतेनं मऊ आणि चिकट होतो, पण सुटून जात नाही. कोमट पाणी त्याला हवं असतं, ते पाण्याला लवकर आत शिरता यावं म्हणून. खूप तापवलं तर तो लोण्यासारखा पसरतो आणि धाग्यांच्या आणखी आत जातो.

हात घालण्याआधी एक छोटी परीक्षा करून घ्यावी. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून डागाच्या एका कोपऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. कोपरा पांढरट आणि मऊ झाला तर तो साधा पांढरा गोंद आहे आणि पुढचं सगळं लागू पडतं. काहीच झालं नाही आणि डाग कडक, चकचकीत राहिला, तर तो बहुधा झटपट चिकटणारा, छोट्या ट्यूबमधला गोंद आहे, किंवा सुतारांचा पाणी न लागणारा प्रकार, किंवा खास कापडासाठीचा पक्का गोंद. या तिघांवर पाण्याचा उपाय चालत नाही. झटपट गोंदाबद्दल एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. तो ओला असताना सुती कापडानं किंवा कापसानं पुसू नये. सुताशी गाठ पडताच तो इतक्या झपाट्यानं घट्ट होतो की चटका बसण्याइतकी उष्णता निघते. मुलांच्या बोटांना अशा वेळी भाजलेलं आहे.

आता कपडा. आमच्या ओळखीच्या घरातली चौथीतली एक मुलगी कंदिलाच्या तासानंतर घरी आली तेव्हा तिच्या पांढऱ्या सुती कुर्त्याच्या बाहीवर तळहाताएवढा डाग होता. मधे जाड गोळा, कडेला पातळ पसरलेला थर, त्यात रुतलेली चमकी आणि खाली गुलाबी क्रेप पेपरचा रंग. कुर्ता दोन दिवस कपड्यांच्या टोपलीत पडून होता. हे उदाहरण घेण्याचं कारण असं, की शाळेतून येणारा डाग बहुतेक असाच असतो. नुसता गोंद क्वचितच असतो, त्याच्याबरोबर रंग आणि चमकी असतेच.

पहिलं काम जाड गोळा कोरडाच कमी करण्याचं. त्यासाठी कुर्ता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तासभर ठेवला. हा गोंद खोलीतल्या तापमानाला जरा लवचीक असतो, थंडीत मात्र ठिसूळ होतो. बाहेर काढल्याबरोबर कापड डागाच्या दोन्ही बाजूंनी धरून मागेपुढे दुमडलं, तर वरचा गोळा तडकून खपल्या सुटल्या आणि बरीच चमकी त्यांच्याबरोबर गेली. हे दोन मिनिटांत करावं लागतं, कारण कापड लगेच उबदार होतं. इथे नखानं ओढण्याचा मोह आवरावा. गोंद धाग्याच्या तंतूंना धरून असतो, जोर केला तर गोंदाबरोबर तंतूही उपटले जातात आणि डाग गेला तरी त्या जागी कापड विरळ, केसाळ दिसतं.

दुसरं काम रंगाचं होतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. क्रेप पेपरचा रंग कच्चा असतो, पाणी लागलं की धावतो. सगळा कुर्ता एकदम बादलीत टाकला असता तर गुलाबी रंग पाठीपर्यंत गेला असता. म्हणून बाही उलटी करून, डाग खाली येईल असा धरून, मागच्या बाजूनं नळाचं गार पाणी सोडलं. पाणी धाग्यांतून बाहेरच्या दिशेला जातं आणि रंग ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परततो. खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवलं. उरलेला फिकट गुलाबी रंग गोंदाच्या थराखाली अडकलेला होता, त्याला गोंद निघेपर्यंत हात लावता येणार नव्हता.

मग भिजवणं. बादलीभर नको, डाग बुडेल एवढं भांडं पुरे. पाणी हाताला सहज सोसेल इतपत कोमट, त्यात चमचाभर कपड्यांचा साबणचुरा. फक्त बाही त्यात बुडवून वर वजनाला वाटी ठेवली. साधारण अर्ध्या तासानं डाग पांढरा होऊ लागतो. जाड भागाला तास-दोन तास लागतात. पाणी गार झालं की बदलावं. डाग पूर्ण पांढरा आणि दुधावरच्या सायीसारखा बोटाखाली सरकणारा झाला, म्हणजे काढायची वेळ आली. कापड पाटावर किंवा उलट्या ताटावर सपाट पसरून, चमच्याच्या कडेनं किंवा जुन्या एटीएम कार्डानं डागाच्या बाहेरून मध्याकडे हलकेच ओढत गेलं की गोंदाच्या वळ्या जमतात. त्या वेचून कागदावर ठेवाव्यात आणि कचऱ्यात टाकाव्यात. मोरीत सोडल्या तर पुढे जाळीत अडकून पुन्हा चिकटून बसतात. धाग्यांमध्ये उरलेला भाग जुन्या मऊ टूथब्रशनं काढायचा, तोही विणीच्या दिशेनं, आधी उभा मग आडवा. गोल गोल घासलं की कापडावर गोळे येतात.

एवढ्यानं बहुतेक गोंद जातो, पण सगळा नाही. किती उरला हे ओल्या कापडावर कळत नाही. ओलं असताना सगळंच मऊ लागतं. कुर्ता सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि मग ती जागा दोन बोटांत चोळून पाहावी. बाजूच्या कापडापेक्षा ती ताठ लागली किंवा उजेडाकडे धरल्यावर तेलकट, अर्धपारदर्शक दिसली, तर धाग्यांच्या आत गोंद आहे. त्या कुर्त्यात होता. अशा वेळी दुसऱ्यांदा भिजवावं, आणि त्यानंतरही ताठरपणा राहिला तर औषधांच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट वापरावं. ते या गोंदाला पाण्यापेक्षा जास्त मऊ करतं, काही अंशी विरघळवतं. डागाखाली पांढऱ्या सुती कपड्याची घडी ठेवायची, वरून स्पिरिटच्या बोळ्यानं टिपत राहायचं आणि खालची घडी सरकवत राहायचं. विरघळलेला गोंद खालच्या कपड्यात उतरतो. घासायचं नाही, टिपायचं. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर स्पिरिटचा थेंब टाकून पांढऱ्या रुमालानं दाबून पाहावा, रुमालाला रंग लागला तर हा मार्ग सोडावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि गॅस, उदबत्ती, निरांजन जवळ नसावं.

गोंद गेल्यावर राहिलेल्या गुलाबी झाकीसाठी तो कुर्ता ऑक्सिजनवाल्या डाग-पावडरच्या पाण्यात भिजवला आणि ती गेली. हेच आधी केलं असतं तर फुकट गेलं असतं, कारण पावडर गोंदाच्या थरातून खाली पोचलीच नसती. गोंदाला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे क्लोरीनच्या ब्लीचनं त्याचं काहीही होत नाही, कापड मात्र कमकुवत होतं. आणखी एक गोष्ट टाळायची, ती म्हणजे टाकणखार. मुलं हल्ली गोंदात टाकणखाराचं पाणी घालून स्लाइम करतात ते सगळ्यांनी पाहिलं असेल. गोंदातलं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल टाकणखारानं एकमेकांत गुंतून रबरासारखं होतं. भिजवण्याच्या पाण्यात कोणी ‘कपडे उजळतात’ म्हणून टाकणखार घातला, तर धाग्यांत नेमकं हेच होईल आणि काम अवघड होऊन बसेल.

व्हिनेगरची शिफारस फार होते. तिचं मोल आहे, पण मर्यादित. पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कोमट केलं तर ते गोंद फुगायला थोडी मदत करतं, विशेषतः पातळ थरावर. पण कोमट पाणी आणि वेळ यांनी जे होतं त्याच्या जागी ते नाही. सुती कपड्यावर मी तरी पाण्यानंच सुरुवात करीन, मग व्हिनेगर, मग स्पिरिट. नेलपेंट काढायचं द्रावण किंवा थिनर घरात वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ॲसिटोन या गोंदाला विरघळवतं हे खरं, पण शाळेच्या गणवेशावरचं छापलेलं बोधचिन्ह आणि काही बटणंही त्याच्या तावडीत सापडतात, आणि त्याची वाफ पटकन पेट घेते.

इस्त्रीबद्दल मात्र कुठलीही सवलत नाही. सुती कपड्याची इस्त्री दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि हा गोंद त्याच्या कितीतरी आधी वितळल्यासारखा होतो. इस्त्रीच्या दाबानं तो वरून निघून थेट धाग्याच्या आत जाऊन बसतो. वरून डाग गेल्यासारखा दिसतो, धुतल्यावर ती जागा पुठ्ठ्यासारखी ताठ निघते. इस्त्री झालेला डागही काही वेळा निघतो, पण मग रात्रभर भिजवणं आणि स्पिरिटच्या अनेक फेऱ्या लागतात, आणि तरी थोडा ताठरपणा राहू शकतो. म्हणून कपडा वाळवून, बोटांत चोळून, मऊ असल्याची खात्री झाल्याखेरीज इस्त्रीवाल्याकडे देऊ नये. गणवेश टेरिकॉटचा असेल तर काम उलट सोपं असतं. त्यातल्या पॉलिस्टरच्या गुळगुळीत तंतूंना गोंद सुताइतका घट्ट धरत नाही.

लाकडाकडे वळताना सगळा हिशेब बदलतो. सुताला पाणी सोसतं, लाकडाच्या पॉलिशला सोसेलच असं नाही. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपलं टेबल ज्या गोंदानं जोडलेलं आहे तो याच जातीचा असतो. प्लायवर सनमायका किंवा विनिअर चिकटवताना, पायांच्या सांध्यांत, कडेच्या पट्टीखाली सुतारानं पांढरा गोंदच लावलेला असतो. वरचा डाग भिजवताना पाणी कडेनं आत झिरपलं, तर नको असलेल्या गोंदाबरोबर हवा असलेलाही फुगतो आणि महिन्याभरात सनमायकाचा कोपरा उचलला जातो. म्हणून लाकडावर पाणी ओतायचं नाही, बसवायचं. आणि ते फक्त डागापुरतं.

सनमायका असेल तर काळजी सर्वांत कमी. त्याचा वरचा थर पाणी पीत नाही, गोंद त्यावर नुसता बसलेला असतो. डागाच्या मापाची, घट्ट पिळलेल्या कोमट फडक्याची घडी त्यावर ठेवून वर प्लास्टिकचा तुकडा टाकावा म्हणजे ओल उडून जात नाही. दहा मिनिटांनी डाग पांढरा होतो आणि प्लास्टिकच्या कार्डानं एका तुकड्यात निघतो. कडेजवळचा डाग असेल तर घडी कडेपासून बोटभर आत ठेवावी, कडेवरचा भाग ओल्या बोळ्यानं थोडा थोडा टिपून काढावा. हेअर ड्रायरनं गरम करून काढण्याची पद्धत सनमायकावर चालते, पण कडेवर नको, कारण खालचा गोंदही तापून मऊ होतो.

पॉलिश केलेल्या लाकडाला आधी ओळखावं लागतं. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या पायावर, जिथे दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश आहे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते केलेलं असतं, त्यामुळे स्पिरिट त्याला परत विरघळवतं. जुन्या सागवानी टेबलांवर आणि कपाटांवर हे पॉलिश हमखास सापडतं. अशा टेबलावर स्पिरिट पूर्ण वर्ज्य, आणि पाणीही जपून, कारण लाखेच्या पॉलिशवर ओल राहिली की पांढरा धुरकट डाग उमटतो. जागा चिकट झाली नाही तर ते मेलामाइन किंवा पीयूचं पॉलिश असण्याची शक्यता जास्त. ही पॉलिशं जास्त पाणी सोसतात.

पद्धत तीच, वेळ मात्र तुटक. पिळलेली घडी पाच मिनिटं ठेवायची, उचलायची, गोंदाचा जेवढा वरचा थर मऊ झाला तेवढा कार्डानं रेषांच्या दिशेनं काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पॉलिशला श्वास घ्यायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. मग पुन्हा पाच मिनिटं. सलग अर्धा तास घडी ठेवण्यापेक्षा हे हळू वाटतं, पण दोन्हींत टेबलाची अवस्था फार वेगळी होते. त्याच मुलीच्या घरचं टेबल सागाच्या विनिअरचं, मेलामाइन पॉलिशचं होतं आणि त्यावर बाटलीच्या बुडाचा गोल उमटलेला होता. तो अशा छोट्या छोट्या फेऱ्यांनी निघाला. शेवटी जी अगदी पातळ, बोटाला खरखरीत लागणारी झाक राहिली ती व्हिनेगरच्या ओलसर बोळ्यानं गेली. लगेच साध्या ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसलं. पॉलिशवर धुरकट डाग आलाच तर घाबरून काही चोळू नये. ती पॉलिशमध्ये अडकलेली ओल असते, पंख्याखाली एक-दोन दिवसांत बहुधा आपोआप उडून जाते.

खरी अडचण पॉलिश नसलेल्या लाकडाची. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळा न राहता पसरला आणि जागा गडद झाली, म्हणजे लाकूड उघडं आहे. अशा लाकडाच्या छिद्रांत गोंद शिरलेला असतो आणि वरचा पापुद्रा काढला तरी आतला राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, दिसतो तो पुढे पॉलिश लावल्यावर. जिथे गोंद आहे तिथे पॉलिश शोषलं जात नाही आणि फिकट चट्टे उमटतात. अनुभवी सुतार म्हणून पॉलिशआधी सगळ्या फळीवरून ओलं फडकं फिरवतो. लाकूड गडद होतं, गोंदाच्या जागा फिकट राहतात, आणि त्याला कुठे काम करायचं ते कळतं. घरीही हीच युक्ती करावी. पापुद्रा भिजवून काढल्यावर फळी पूर्ण वाळू द्यावी आणि त्या फिकट जागांवर आधी 180 आणि मग 240 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनं चालवावा. ओल्या लाकडावर पेपर चालवू नये, मऊ गोंद पेपरात भरतो आणि पुन्हा लाकडात दाबला जातो. विनिअरला मात्र पेपर लावताना हात फार हलका हवा. वरचा सागाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, कधी त्याहूनही पातळ. खालचं प्लाय दिसलं की त्यावर इलाज नाही.

दप्तराचं काम यापेक्षा थोडक्यात आटोपतं. हल्लीची बहुतेक दप्तरं पॉलिस्टरची किंवा नायलॉनची असतात, आणि बाहेरच्या बाजूला पडलेला गोंद त्यांच्या गुळगुळीत धाग्यांवर वरवर बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घेऊन दहा मिनिटं डागावर दाबून धरले आणि मग कापड दुमडलं, तर बहुतेक गोंद पापुद्र्यानं निघतो. राहिलेल्याला ओली घडी आणि टूथब्रश. अडचण असते आतल्या बाजूला. दप्तर पाणी रोखावं म्हणून कापडाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. थिनर आणि नेलपेंटचं द्रावण त्याला विरघळवतं किंवा सोलून काढतं, आणि कडक गरम पाण्यानं तो सुरकुततो. स्पिरिटनं त्यावरची कार्टूनची छपाई पुसट होते. तेव्हा दप्तराच्या बाबतीत कोमट पाणी आणि साबण यांच्या पुढे जाऊ नये. थोडा गोंद राहिला तरी चालेल, अस्तर गेलं तर पुढच्या पावसात वह्या भिजतील.

गोंद चेनमध्ये गेला असेल तर ती जोरानं ओढू नये. दातांमधला वाळलेला गोंद एक दात वाकवतो आणि मग ती चेन पुन्हा नीट बसत नाही. कोमट ओलं फडकं त्या भागाभोवती पंधरा-वीस मिनिटं गुंडाळावं, दोन्ही बाजूंनी दातांमध्ये टूथब्रश चालवावा, आणि सरकपट्टी एकदा पुढे, एकदा मागे, थोडी थोडी हलवावी. वाळल्यावर मेणबत्ती घासली की ती सुरळीत चालते. खांद्याच्या पट्ट्यांत फोम असतो, तिथे दप्तर बुडवायचं नाही, वरूनच टिपायचं. तळाशी पुठ्ठा घातलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा, भिजला की त्याचा लगदा होतो. शेवटी दप्तर सगळ्या चेन उघड्या ठेवून, उलटं टांगून, वाऱ्यावर पूर्ण वाळवावं. पावसाळ्यात फोम आतून ओला राहिला तर आठवड्याभरात बुरशीचा वास येतो, आणि तो गोंदापेक्षा चिवट असतो.

यातलं जवळजवळ सगळं काम टाळता येतं, कारण हाच गोंद ओला असताना साध्या गार पाण्यानं निघतो. वाळायला सुरुवात होण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की कंदिलाच्या किंवा क्राफ्टच्या तासाला बाटली मुलांच्या हातात न देता गोंद झाकणात काढून द्यावा, ब्रश द्यावा, आणि प्रत्येक बाकावर एक ओलं फडकं ठेवावं.